पहिल्याच निरोपात लिही

कोल्हापूर

चि. चिमीस,

परवा रात्री वहिनीचा फोन आला. आधी पावसाचं बोलली, मग गुडघ्याचं, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "चिमीनं ठेव मोडली." कुठली ठेव, ते मला विचारावं लागलं नाही. दादानं तुझ्या नावावर टाकलेली एकच आहे. कॉम्प्युटरचा हप्ता आणि घरभाडं एकाच आठवड्यात आलं, असं तू तिला सांगितलंस म्हणे. हप्ते चुकवू नयेत, हे खरं. पण तुझे तीन गिऱ्हाइकांकडे मिळून दीड लाख अडकलेत, हेही वहिनीनंच सांगितलं. स्वतःचे दीड लाख लोकांकडे पडलेले असताना पोरगी बापानं ठेवलेली ठेव मोडते, याला काय म्हणायचं?

त्यावर कडी म्हणजे, सांगलीच्या त्या हळदवाल्याला तू जो निरोप पाठवणार आहेस तो वहिनीनं मला पुढे धाडला. "किती छान लिहिलंय बघा," असं वर लिहून. वाचला. तुझाच मजकूर तुला पुन्हा दाखवतो:

"नमस्कार सर! तुमच्यासोबत काम करायला मिळतंय याचा खूप आनंद आहे. हळदीच्या पाकिटांसाठी डोक्यात भरपूर कल्पना आहेत, आजच सुरुवात करते. पैशांचं आपण नंतर बघू, घाई नाही."

चिमे, कशाची घाई नाही? तुझ्या घरमालकाला नाही? बँकेला नाही? साठ हजारांचं काम आहे. तीन मापांची पाकिटं आणि त्यांचा बाहेरचा खोका. हळदीचे फोटो काढणारा आठ हजार रोख मागणार, कारण तोही कुणाचा तरी हप्ता भरतोय. नमुन्याची पाकिटं छापून घ्यायला तीनेक हजार जाणार. हे अकरा हजार तू कुठून घालणार आहेस? मोडलेल्या ठेवीतून?

रागावतोय खरा, पण मुद्द्याचं सांगतो. तू हा निरोप पाठवू नकोस. स्वागत कर, आनंदही कळव. पण आगाऊ किती, पुढचे पैसे कधी आणि उशीर झाला तर काय, हे याच निरोपात, काम सुरू होण्याआधी लिही. बिलात नको, आठवण करताना नको. पैसे थकल्यावर जी गोष्ट पहिल्यांदा बोलली जाते तिला गिऱ्हाईक तगादा म्हणतं. तीच गोष्ट आधी बोलली असली की तो व्यवहार असतो.

विलंब शुल्काचं तर विशेषच. जुन्या तिघांना आता "दीड टक्का द्या" म्हणालीस तर ते म्हणतील, हे कधी ठरलं होतं? आणि त्यांचं बरोबर असेल. दोघांनी मान्य केलेलं नसताना एकानं बिलाखाली लिहिलेली ओळ फार तर इशारा होते, करार होत नाही. त्या तिघांना आता शांतपणे बाकीचा आकडा आणि एक तारीख कळव, एवढंच. पण हळदवाल्याची पाटी अजून कोरी आहे. तिच्यावर पहिलं काय लिहायचं हे तुझ्या हातात आहे.

आता आकड्यांकडे ये. तू कदाचित वीस टक्के आगाऊ मागशील, तेही लाजत. वीस टक्के म्हणजे बारा हजार. फोटोवाला आणि नमुने यांतच ते संपले, तुझ्या दहा दिवसांच्या मेहनतीला हजार रुपये उरले. आगाऊ रक्कम अशी धरावी की पहिली मांडणी बघून गिऱ्हाईक गायब झालं तरी तुझ्या खिशातून काही गेलेलं नसावं आणि तोवरच्या कामाचं मोल मिळालेलं असावं. या कामात ते निम्म्यावर येतं: तीस हजार. आणि काम सुरू होण्याचा दिवस म्हणजे तीस हजार जमा होण्याचा दिवस. "आजच सुरुवात करते" हे वाक्य म्हणूनच काढायचं. गिऱ्हाइकानं निरोप वाचून नुसता अंगठा दाखवला तर त्याला काय मान्य आहे हे कळत नाही. पण अटी वाचून आगाऊ रक्कम भरली, की होकार स्वच्छ झाला. तरी "वरील अटी मान्य" एवढं उत्तर मागूनच घे, आणि तोच मजकूर ई-मेलनंही पाठव. फोन बदलतात, चॅट पुसले जातात.

दुसरा हप्ता मांडणी पसंत झाल्यावर, अठरा हजार. इथं एक खड्डा आहे, तो नीट बघ. "पसंत झाल्यावर" असं मोघम लिहिलंस तर पसंती येतच नाही. साहेब परगावी असतात, भागीदाराला दाखवायचं असतं, साहेबांच्या सुनेला पिवळा जरा गडद वाटतो. म्हणून दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीला वेगळे पैसे, आणि मांडणी पाठवल्यावर सात दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर तो टप्पा पूर्ण धरून बिल निघेल, हे लिहायचं. पैसे देण्याची मुदतही बिलाच्या तारखेपासून मोजायची, म्हणजे "बिल आत्ताच पाहिलं" याला जागा राहत नाही.

शेवटचे बारा हजार छपाईची फाइल देण्याआधी. छपाईच्या धंद्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, ओपन फाइल हातातून गेली की तुझ्याकडे धरायला काही उरत नाही. तोवर दाखवायचं ते कमी रेझोल्यूशनचं, वर तुझ्या नावाचा वॉटरमार्क असलेलं. फाइल दिल्यानंतर एक रुपयाही येणं बाकी नसावं, अशी हप्त्यांची रचना कर. कॅलेंडरांनी मला हे शिकवलं. डिसेंबरात गिऱ्हाईक प्रेसच्या पायरीवर बसून असायचं, चहा पाजायचं, "अण्णा, तेवढं आजच्या आज द्या" म्हणायचं. गठ्ठे गेले, संक्रांत झाली, की तोच माणूस रस्ता बदलायचा. त्याची गरज डिसेंबरात होती, आमचं बिल जानेवारीत जायचं. एवढंच आमचं चुकायचं.

मग विलंब शुल्क कशासाठी, असं विचारशील. नीट बघितलंस तर ते फक्त मधल्या अठरा हजारांना लागतं. आगाऊ रक्कम आल्याशिवाय काम सुरू नाही आणि शेवटची आल्याशिवाय फाइल नाही, तिथं शुल्काची गरजच नाही. महिना दीड टक्का धर, मूळ रकमेवर, दिवसाच्या हिशेबानं. अठरा हजारांवर महिन्याला 270 रुपये, म्हणजे दिवसाला 9. चाळीस दिवस उशीर झाला तर 360. हसू नकोस. या पैशांनी तू श्रीमंत होणार नाहीस, आणि व्हायचंही नाही. पण कुठल्याही कचेरीत हिशेब बघणाऱ्या माणसापुढे बिलांचा गठ्ठा असतो. ज्या बिलाला तारीख आहे आणि तारखेनंतर पैसे वाढतात ते वर येतं. ज्यावर "घाई नाही" आहे ते तळाशी जातं.

आकडा मात्र फुगवू नकोस. रागाच्या भरात महिना दहा टक्के लिहिलंस तरी कायदा ते जसंच्या तसं देत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणि त्याआधीच, चांगलं गिऱ्हाईक असा आकडा वाचून बिचकतं. खरा जोर शुल्कात नाही, पुढच्या ओळीत आहे: मुदतीनंतर दहा दिवसांत पैसे आले नाहीत तर काम थांबेल आणि पुढच्या तारखा तितक्याच सरकतील. हळदवाल्याला पाकिटं बाजारात आणायची असतात. त्याला 270 रुपयांपेक्षा तारीख सरकण्याची भीती जास्त.

पुन्हा तेच सांगतो, कारण तू हे वाचत असताना मनात म्हणत असशील की, "अण्णा, पहिल्याच निरोपात पैसे बोलले की नातं बिघडतं." भीड ही भिकेची बहीण, हे आजी म्हणायची ते उगाच नाही. पण तुझ्या भिडेचं मूळ मला ठाऊक आहे.

लहान असताना तू दादाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून वसुलीला जायचीस. एका दुकानदारानं तुझ्यादेखत त्याला तासभर पायरीवर बसवलं, आणि परत येताना तो कुणाशीच बोलला नाही, हे तूच मला एकदा सांगितलंस. "मी कधी कुणाच्या दारात पैशासाठी उभी राहणार नाही," असंही म्हणालीस. गावात दादाला कडक म्हणायचे. प्रेसवाल्यांतला थोरला तिखट, धाकटा गोड. तुलाही तसंच वाटत आलं असणार.

आता खरं ऐक. काउंटरवर मी बसायचो. ऑर्डर मी घ्यायचो. "पैशांचं काय हो, घरचंच आहे, घाई नाही," हे मी म्हणायचो, आणि लोक मला भला माणूस म्हणायचे. त्या भलेपणाची वसुली करायला दादाला जावं लागायचं. तो मुळात माझ्यापेक्षा मऊ होता. त्याला बोलायला जमायचं नाही, म्हणून तो नुसता उभा राहायचा, आणि लोकांना ते उभं राहणं कडक वाटायचं. मी आधी दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर त्याला एकाही पायरीवर बसावं लागलं नसतं. गंमत अशी की निम्म्या लक्ष्मीपुरीची बिलबुकं आम्हीच छापत होतो. प्रत्येकाच्या बिलाच्या तळाला "मुदतीनंतर द. सा. द. शे. 24 टक्के व्याज आकारले जाईल" ही ओळ मी माझ्या हातानं जुळवत होतो. आमच्या स्वतःच्या बिलबुकात ती कधी घातली नाही. कागदवाल्याच्या बिलावर होती, म्हणून त्याचे पैसे मात्र आम्ही कर्ज काढून वेळेवर देत होतो.

तेव्हा दारात उभं राहायचं नसेल, तर "घाई नाही" म्हणू नकोस. त्या दारात नेऊन उभं करणारं वाक्य तेच आहे.

झालं. आता मी लिहिलेला मजकूर बघ. भाषा तुझ्या पद्धतीनं बदल, आकडे आणि क्रम बदलू नकोस.

"नमस्कार सर. आपल्या हळदीच्या पाकिटांचं काम माझ्याकडे दिलंत, मनापासून आनंद झाला. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे काम असं ठरतं:

काम: 100, 200 आणि 500 ग्रॅमच्या पाकिटांची आणि बाहेरच्या खोक्याची मांडणी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीचे 1,500 रुपये.

आपल्याकडून लागेल ते: एफएसएसएआय परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बारकोड आणि पाकिटावरचा मजकूर.

मोबदला: एकूण 60,000 रुपये. माझी जीएसटी नोंदणी नसल्यामुळे त्यावर जीएसटी लागणार नाही.

आगाऊ 30,000. ही रक्कम जमा झाली आणि वरची माहिती मिळाली की त्या दिवसापासून 10 दिवसांत पहिली मांडणी देईन.

मांडणी पसंत झाल्यावर 18,000, बिलाच्या तारखेपासून 7 दिवसांत. मांडणी पाठवल्यापासून 7 दिवसांत प्रतिसाद न आल्यास हा टप्पा पूर्ण धरून बिल पाठवेन.

उरलेले 12,000 छपाईची फाइल देण्याआधी.

बिलाची मुदत उलटल्यास थकीत रकमेवर महिना दीड टक्का, दिवसांच्या हिशेबानं, विलंब शुल्क लागेल. मुदतीनंतर 10 दिवसांत रक्कम न आल्यास काम तात्पुरतं थांबेल आणि पुढच्या तारखा तितक्याच पुढे जातील.

काम मध्येच थांबवावं लागलं तर तोवर झालेल्या कामाचे आणि खर्चाचे पैसे वजा करून उरलेली आगाऊ रक्कम परत देईन. माझ्याकडून काम पूर्ण होणार नसेल तर संपूर्ण आगाऊ रक्कम परत देईन.

हे मान्य असल्यास 'वरील अटी मान्य' एवढं कळवावं. काही बदल हवा असल्यास काम सुरू करण्याआधी बोलून घेऊ. आपल्या हळदीचा रंग पाकिटावर नीट उतरवायची मला उत्सुकता आहे."

बघ, यात कुठं उद्धटपणा दिसतो का? "आपण उशीर केल्यास" असं कुठंही नाही; मुदत उलटल्यास, एवढंच आहे. शुल्क लागतं ते तारखेमुळे, माणसावर आरोप म्हणून नाही. आणि परत करण्याच्या दोन ओळी मुद्दाम घातल्यात. जो आधी पैसे मागतो त्यानं ते कधी परत देणार हेही आधीच सांगावं. समोरच्याची निम्मी शंका तिथं मिटते. एफएसएसएआयची ओळही तशीच कामाची आहे. परवाना क्रमांक आणि बारकोड मिळेपर्यंत पाकीट पुरं होत नाही, आणि उशीर त्यांच्याकडून होऊन खापर तुझ्यावर फुटतं. म्हणून दिवस मोजायचे ते ही माहिती हातात आल्यापासून.

दोन बारीक गोष्टी. त्यांनी टीडीएस कापून रक्कम पाठवली तर ती कमी आली असं समजून शुल्क लावू नकोस. कापलेले पैसे आयकराच्या पोर्टलवर तुझ्या पॅनखाली जमा झाले का, तेवढं बघ. आणि पहिल्यांदाच पाचसहा दिवस उशीर झाला तर शुल्क सोडून दे, पण मुकाट्यानं सोडू नकोस. बिलात "विलंब शुल्क 54 रुपये, या वेळी माफ" असं लिही. माफ केलेलं दिसलं की अट आहे हे लक्षात राहतं, आणि तुझा चांगुलपणाही.

उद्यम नोंदणी केली आहेस का? नसेल तर हळदवाल्याला निरोप जाण्याआधी कर. सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नकोस. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात तुझ्यासारख्या लहान सेवा देणाऱ्यांसाठी सोय आहे. काही ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, ठरलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय त्या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे त्यांच्या सीएला पाठ असतं. पण स्वागताच्या निरोपात कायद्याची कलमं कोंबू नकोस. सहीखाली नुसता उद्यम क्रमांक लिही, ज्याला कळायचं त्याला कळतं. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण ते वेळखाऊ असतं आणि त्यानंतर ते गिऱ्हाईक तुझं राहत नाही. अठरा हजारांसाठी त्या वाटेला जायची वेळ येऊ नये, म्हणून तर वरचा मजकूर.

आणि समजा हे वाचून तो म्हणाला, "आम्ही आगाऊ देत नाही." तर दोन पावलं मागे ये. निम्म्याऐवजी चाळीस टक्के घे, हप्ते तीनऐवजी चार कर. पण शून्यावर येऊ नकोस. जो तीस हजार आधी देत नाही तो साठ हजार नंतर देईल, हा हिशेब मी पुष्कळ वर्षं मांडून बघितला, कधी जुळला नाही. असं काम गेलं तर जाऊ दे. त्या महिन्याचा कॉम्प्युटरचा हप्ता मी भरेन. हे उपकार नाहीत. दादाच्या पायऱ्यांचं माझ्याकडे बरंच येणं आहे, त्यातलं थोडं तुझ्या नावावर वळतं करतोय असं समज. वहिनीला मात्र सांगू नकोस, ती तुझ्याआधी मला ओरडेल.

रागावून लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस. ठेव मोडल्याचं ऐकून मला पैशाचं वाईट वाटलं नाही. तू हप्त्यासाठी एकटी बसून हिशेब करत होतीस आणि मला एक फोन करावासा वाटला नाही, याचं वाटलं. काकूनं तुझ्यासाठी भडंग भरून ठेवलाय, दोन दिवस येऊन जा. तुझ्या हळदवाल्याचं काम बघायचं आहे. रंगात तू दादावर गेली आहेस. पिवळा किती गडद हवा ते त्याला न मोजता कळायचं.

निरोप आज पाठव. मला पुन्हा दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, तुला जमतं.

तुझा
अण्णाकाका